कंटेनरमध्ये ओला झालेला माल : विमा कंपनीला पाठवायचं दाव्याचं पत्र आणि सोबतची कागदपत्रं

प्रश्न : कोरियाहून आलेला कोटेड कागदाचा 40 फुटी कंटेनर काल न्हावा शेवाहून आमच्या भिवंडीच्या गोदामात आला. 20 पॅलेटपैकी 6 ओली निघाली. विमा कंपनीला मेल केला तर 'क्लेम लेटर आणि कागदपत्रं पाठवा' एवढंच उत्तर आलं. पत्रात नेमकं काय लिहायचं आणि सोबत काय काय जोडायचं?

उत्तर :

विमा कंपनी मागते आहे ते पत्र तुम्हाला आज लिहिताच येणार नाही, कारण त्यातला रकमेचा भाग ओला माल विकला गेल्यावरच ठरतो. आज दोन छोटी पत्रं पाठवायची. एक विमा कंपनीला नुकसानीची सूचना म्हणून, दुसरं शिपिंग लाइनला. रकमेसहित मोठं पत्र तीन-चार आठवड्यांनी जाईल. बरेच जण ही तिन्ही कामं एका पत्रात उरकायला बसतात. मग त्या एका पत्राची जुळवाजुळव होईपर्यंत शिपिंग लाइनला कळवायची मुदत निघून जाते.

ती मुदत आधी सांगतो, कारण ती तुमच्याकडे चालू आहे. बहुतेक बिल ऑफ लेडिंगच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं की नुकसान वरून दिसण्यासारखं नसेल, तर माल ताब्यात घेतल्यापासून तीन दिवसांच्या आत लेखी कळवावं. नाही कळवलं तर माल चांगल्या स्थितीत मिळाला असं धरलं जातं, आणि नुकसान जहाजावर झालं हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं. तुमचा माल काल उतरला, म्हणजे दोन दिवस उरलेत. यात विमा कंपनीचा काय संबंध, असं वाटेल. संबंध असा की तुम्हाला पैसे दिल्यावर विमा कंपनी तुमच्या जागी उभी राहून शिपिंग लाइनकडून वसुली करते. तुमच्या ढिलाईने ती वाट बंद झाली, तर पॉलिसीच्या अटीनुसार तेवढ्यापुरता दावा कापायचं कारण तिच्या हाती येतं. म्हणून शिपिंग लाइनला आजच चार ओळींचा मेल टाका : बिल ऑफ लेडिंगचा नंबर, कंटेनर नंबर, सील नंबर, माल ओला निघाला, यासाठी आम्ही तुम्हाला जबाबदार धरत आहोत, संयुक्त सर्व्हेसाठी तुमचा माणूस पाठवा. बिल ऑफ लेडिंग फॉरवर्डरचं असेल तर त्यालाही पाठवा आणि खऱ्या लाइनलाही. न्हावा शेवा ते भिवंडी ज्याचा ट्रेलर होता, त्या ट्रान्सपोर्टरलाही त्याची प्रत द्या. रस्त्याच्या वाहतुकीसाठी कायद्याने बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत लेखी नोटीस लागते. ती वेगळी शोधत बसण्यापेक्षा आजच जाऊ द्या.

आता पाणी कुठलं, याबद्दल. सगळा दावा याच्यावर उभा राहतो, आणि पत्र बिघडतं तेही इथेच.

ओला कागद तीन प्रकारे ओला झालेला असू शकतो. जहाजावर समुद्राचं पाणी शिरलं, बंदरात किंवा सीएफएसच्या, म्हणजे बंदराबाहेर कस्टमची कामं होईपर्यंत कंटेनर ठेवतात त्या जागेच्या, उघड्या आवारात पावसाचं पाणी शिरलं, किंवा कंटेनरच्या आत हवेतली वाफ थंड छताला लागून थेंब खाली पडले, ज्याला घाम येणं म्हणतात. आधी पॉलिसीवर कोणता क्लॉज छापला आहे तो बघा. इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज 'ए' असेल तर समुद्राचं आणि पावसाचं दोन्ही पाणी त्यात येतं. 'बी' असेल तर समुद्र, नदी किंवा तळ्याचं पाणी कंटेनरमध्ये शिरलं तर मिळतं, पावसाचं मिळत नाही. 'सी'मध्ये यातलं काहीच नाही. घामाचा मामला 'ए'मध्येही वादाचा असतो. ओलावा मालातूनच किंवा ओल्या लाकडी पॅलेटमधून आला असं दिसलं, तर विमा कंपनी त्याला मालाचा अंगभूत दोष किंवा अपुरं पॅकिंग म्हणते, आणि हे दोन्ही अपवाद 'ए'मध्येही आहेत.

फरक ओळखायला सर्व्हेअर सिल्व्हर नायट्रेटची चाचणी करतो. या द्रावणाचे दोन-चार थेंब ओल्या भागावर टाकले आणि तिथे दुधासारखं पांढरं साकळलं, तर पाण्यात क्लोराइड आहे, म्हणजे बहुधा खारं पाणी. पावसाच्या पाण्यावर थेंब जवळपास स्वच्छ राहतो. चाचणी सोपी आहे, पण फसवतेही. घामट हाताने कागद चाचपला असेल तरी पांढुरकं येतं, नळाच्या पाण्यानेही थोडं धुरकट होतं. म्हणून त्याच मालातल्या कोरड्या पॅलेटच्या कागदावरही चाचणी करायला लावा आणि दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी घ्या. कोरड्यावर काही नाही आणि ओल्यावर दूध, असा फोटो असला की पुढे फारसं कुणी बोलत नाही. चाचणी स्वतः करून मोकळे होऊ नका. सर्व्हेअरने केलेली आणि त्याच्या रिपोर्टात आलेली चाचणीच धरली जाते. (द्रावण बोटाला लागलं तर उन्हात काळा डाग पडतो आणि तो आठवडाभर जात नाही, हातमोजे घाला.)

थेंबांची खूणही बघा. छताला भोक असेल तर त्याच्या बरोबर खालची पॅलेट वरून ओली असतात आणि बाकीची कोरडी. घामाचे थेंब जवळपास सगळ्या पॅलेटच्या माथ्यावर विखुरलेले दिसतात, आणि छताच्या आतल्या बाजूला ओघळांच्या रांगा असतात. तळातून पाणी आलं असेल तर खालच्या रिमा फुगलेल्या आणि फळीवर पाण्याची रेघ. कंटेनर अजून तुमच्या आवारात असेल तर रिकामा करून एका माणसाने आत उभं राहायचं, बाहेरून दारं लावायची आणि उजेडाचा ठिपका कुठून येतो ते बघायचं. सुईच्या टोकाएवढं भोकही दिसतं. त्याआधी दारं पुरेशी उघडी ठेवून हवा खेळू द्या. धुरी दिलेला कंटेनर असू शकतो, दारावर तसा स्टिकर आहे का तेही पाहा. भोकाचा फोटो आतून आणि बाहेरून, आणि एका फोटोत कंटेनरचा नंबर आलाच पाहिजे. नंबर नसलेला फोटो कुठल्याही कंटेनरचा असू शकतो.

कंटेनर आधीच परत गेला असेल तर रिकाम्या कंटेनरच्या यार्डात जाऊन इक्विपमेंट इंटरचेंज रिसीट, म्हणजे कंटेनर परत घेताना त्याची अवस्था लिहिलेली पावती, मागा. यार्डवाल्याला दुरुस्तीचे पैसे कुणाकडून तरी घ्यायचे असतात, त्यामुळे छताचं भोक तो मन लावून लिहितो. त्याचा दुरुस्तीचा अंदाज तुमच्या दाव्यातला उत्तम पुरावा ठरतो, कारण तो तुमच्या सांगण्यावरून लिहिलेला नसतो. उलट, सीएफएसमधून निघतानाच्या पावतीवर 'ठीक' लिहिलं म्हणून घाबरू नका. गेटवर उभा असलेला माणूस छतावर चढत नाही.

सर्व्हे होईपर्यंत ओली आणि कोरडी पॅलेट वेगळी करा, ओल्यांचं प्लॅस्टिक काढून वारा लागू द्या. हे नुकसान वाढू नये म्हणून तुम्ही करायलाच हवं, पॉलिसीची ती अट आहे, आणि त्यासाठी लागलेली हमाली दाव्यात मिळते. मात्र माल गोदामातून हलवायचा नाही, रद्दीवाल्याला द्यायचा नाही. कंटेनरचं डिटेन्शन, म्हणजे तो उशिरा परत केल्याबद्दल शिपिंग लाइन लावते तो आकार, मात्र सहसा मिळत नाही. म्हणून सर्व्हेअर उद्याच यावा यासाठी फोन करत राहा, आणि तो कंटेनर बघून गेला की 'आता सोडा' एवढं त्याच्याकडून मेलवर घ्या.

विमा कंपनीला आज पाठवायच्या सूचनेत पॉलिसी नंबर, काय माल, कुठे पडून आहे, अंदाजे किती ओला आणि सर्व्हेअर ताबडतोब नेमा, एवढं पुरे. त्यात कारण लिहू नका. 'पॅकिंग नीट नसल्यामुळे माल भिजला' हे वाक्य रागाच्या भरात विक्रेत्यावर ढकलायला लिहिलं जातं, आणि विमा कंपनी तेच वाक्य उचलून अपुऱ्या पॅकिंगचा अपवाद लावते. जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहा.

आता मुख्य पत्र. मसुदा खाली देतो. पत्र इंग्रजीत पाठवणार असाल तरी क्रम हाच ठेवा, कारण क्लेम विभागातला माणूस याच क्रमाने फाइल तपासतो. आकडे उदाहरणाचे आहेत. मालाची सीआयएफ किंमत, म्हणजे विमा आणि जहाजाचं भाडं धरून, 18,00,000 रुपये आणि त्यावर 10 टक्के धरून विम्याची रक्कम 19,80,000 रुपये, म्हणजे एका पॅलेटमागे 99,000 रुपये.

> दिनांक : 2 ऑगस्ट
>
> प्रति,
> व्यवस्थापक, मरीन क्लेम विभाग,
> (विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी देणारी शाखा)
>
> विषय : पाण्याने खराब झालेल्या कोटेड कागदाबद्दल अंतिम दावा
> संदर्भ : मरीन ओपन पॉलिसी क्र. ……, सर्टिफिकेट क्र. ……, आपला क्लेम क्र. ……, आमची 9 जुलैची सूचना
>
> महोदय,
>
> वरील पॉलिसीखाली इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज 'ए' नुसार विमा असलेली 20 पॅलेट कोटेड कागद (निव्वळ वजन 24,000 किलो) बुसान ते भिवंडी या प्रवासासाठी बिल ऑफ लेडिंग क्र. …… अन्वये, कंटेनर क्र. …… मधून पाठवण्यात आली होती. जहाजावरून माल 3 जुलै रोजी न्हावा शेवा येथे उतरला. 8 जुलै रोजी कंटेनर सीएफएसमधून निघाला आणि 9 जुलै रोजी सकाळी आमच्या भिवंडी येथील गोदामात पोहोचला.
>
> विक्रेत्याने लावलेलं सील क्र. …… होतं. कस्टम तपासणीसाठी 6 जुलै रोजी ते तोडून नवीन सील क्र. …… लावण्यात आलं. आमच्या गोदामात पोहोचताना हे दुसरं सील शाबूत होतं.
>
> दार उघडल्यावर दाराकडील डाव्या बाजूची 6 पॅलेट वरून ओली दिसली. त्याच ठिकाणी कंटेनरच्या छताला फाट आढळली. माल उतरवणं थांबवून फोटो काढण्यात आले व बिल्टीवर शेरा मारण्यात आला. आपले सर्व्हेअर 10 जुलै रोजी आले. त्यांच्या रिपोर्टनुसार 4 पॅलेट पूर्ण निकामी असून 2 पॅलेटच्या वरच्या रिमा डागाळल्या आहेत. सिल्व्हर नायट्रेट चाचणीचा निष्कर्ष रिपोर्टात नमूद आहे.
>
> शिपिंग लाइन व ट्रान्सपोर्टरला 9 जुलै रोजी लेखी नोटीस दिली आहे. त्यांच्याशी आम्ही कोणतीही तडजोड केलेली नाही.
>
> खराब माल आपल्या सर्व्हेअरच्या 22 जुलैच्या लेखी संमतीने, तीन दरपत्रकं मागवून सर्वाधिक भाव देणाऱ्यास विकला आहे.
>
> दाव्याची रक्कम :
> 4 पॅलेट, विम्याची रक्कम 3,96,000 रुपये, घट 88 टक्के : 3,48,480 रुपये
> 2 पॅलेट, विम्याची रक्कम 1,98,000 रुपये, घट 30 टक्के : 59,400 रुपये
> वेगळं करणं, उलगडणं व पुन्हा बांधणं याचा खर्च : 8,400 रुपये
> वजा : विम्याच्या एकूण रकमेच्या 0.5 टक्के एक्सेस : 9,900 रुपये
> निव्वळ दावा : 4,06,380 रुपये
>
> सोबतची कागदपत्रं तपासून रक्कम मंजूर करावी, ही विनंती. हा दावा आमचे सर्व हक्क राखून सादर केला आहे.
>
> आपला विश्वासू,
> (सही, नाव, हुद्दा, शिक्का)
>
> सोबत :
> 1. मूळ सर्टिफिकेट, दोन्ही बाजू
> 2. कमर्शियल इनव्हॉइस व पॅकिंग लिस्ट
> 3. बिल ऑफ लेडिंग, दोन्ही बाजू
> 4. बिल ऑफ एंट्री व ड्यूटी भरल्याची पावती
> 5. सीएफएसची गेटपास, तपासणीची नोंद, इक्विपमेंट इंटरचेंज रिसीट
> 6. शेरा मारलेली बिल्टी व ई-वे बिल
> 7. गोदामातील माल आवक नोंद
> 8. फोटो, तारीखवार, कंटेनर नंबरसह
> 9. शिपिंग लाइन व ट्रान्सपोर्टरला दिलेल्या नोटिसा, पोहोच आणि उत्तरं
> 10. सर्व्हेअरची विक्रीस संमती, तीन दरपत्रकं, विक्रीचं बिल, काटा पावती
> 11. हमालीच्या पावत्या
> 12. इनपुट टॅक्स क्रेडिटबाबत सीएचं प्रमाणपत्र
> 13. रद्द केलेला चेक व केवायसी

यादी लांब दिसते, पण जी नसली की फाइल परत येते अशी त्यातली चारच आहेत.

सर्टिफिकेटपासून सुरुवात करू. तुम्ही सीआयएफ अटीवर माल घेतला असेल तर विमा विक्रेत्याने काढलेला असतो, त्याच्या देशातल्या कंपनीचा. मग सर्टिफिकेटच्या मागे विक्रेत्याची सही असायला हवी. त्या सहीनेच दाव्याचा हक्क तुमच्याकडे येतो. सही नसेल तर मूळ कागद कुरियरने परत पाठवून आणावी लागते, आणि यात पंधरवडा सहज जातो. अशा सर्टिफिकेटवर भारतातल्या सर्व्हे किंवा क्लेम एजंटचं नाव छापलेलं असतं. सूचना त्याला द्यायची. त्याच्या सर्व्हेची फी बहुधा आधी तुम्हीच भरायची आणि नंतर दाव्यात मागायची असते, म्हणून ती पावतीही जोडा. वरच्या उदाहरणात पॉलिसी आपली स्वतःची आहे आणि सर्व्हेअर विमा कंपनीने नेमला आहे, म्हणून ती रक्कम हिशोबात नाही.

सीलची गोष्ट लोक किरकोळ समजतात. बिल ऑफ लेडिंगवर एक नंबर आणि तुमच्या गोदामात निघालेलं सील वेगळं, असं दिसलं की पहिला प्रश्न येतो : मधे दार कोणी उघडलं? कस्टम तपासणीत उघडलं असेल तर तिची नोंद सीएफएसमध्ये असते. ती जोडली आणि पत्रात दोन्ही नंबर तारखांसह लिहिले की प्रश्न मिटतो. नाही लिहिले तर जुलैच्या पावसात दार उघडं राहिल्याने माल भिजला असा तर्क निघतो. सील तोडताना ते तिथेच टाकू नका, पिशवीत घालून ठेवा.

बिल्टीवरचा शेरा. ड्रायव्हर घाईत असतो, 'सही करा साहेब' म्हणतो, आणि माल मिळाला म्हणून कोरी सही होते. पुढे तीच सही दाखवून सांगितलं जातं की माल ताब्यात घेताना तक्रार नव्हती. शेरा फार मोठा नको : '6 पॅलेट वरून ओली, कंटेनरच्या छताला फाट, माल हक्क राखून स्वीकारला.' तारीख, वेळ आणि ड्रायव्हरची सही. कालच्या बिल्टीवर शेरा राहिला असेल तर आता मागाहून घुसडू नका. ट्रान्सपोर्टरच्या प्रतीशी ती जुळणार नाही आणि सगळ्या फाइलवरचा विश्वास जाईल. त्याऐवजी आजच्या नोटिशीत उतरवण्याची वेळ आणि तेव्हा काढलेल्या फोटोंचा उल्लेख करा. मोबाइलमधले मूळ फोटो तसेच ठेवा. व्हॉट्सॲपवरून पाठवले की वेळेची माहिती गळून पडते.

चौथं, विक्रीची संमती. ओला कागद ठेवला तर बुरशी धरतो, म्हणून मालक वैतागून त्याच आठवड्यात रद्दीत काढतो. सर्व्हेअरची लेखी संमती नसेल तर किती भाव यायला हवा होता हे मग विमा कंपनी ठरवते, आणि तो आकडा तुमच्या आकड्यापेक्षा मोठा असतो. दरपत्रकं तीन घ्या आणि सगळ्या लॉटसाठी एक रक्कम मागा. ओल्या कागदाचं वजन पाण्याने वाढलेलं असतं, किलोच्या भावावर गेलात की काट्यावर भांडण लागतं. लॉटची रक्कम ठरली की काटा पावती फक्त नोंदीपुरती राहते.

आता ते 88 आणि 30 टक्के कुठून आले ते. चांगल्या पॅलेटचा भिवंडीतला घाऊक भाव 1,10,000 रुपये धरला आहे, जीएसटी सोडून. पूर्ण भिजलेलं पॅलेट रद्दीत 13,200 रुपयांना गेलं, म्हणजे चांगल्या भावाच्या 12 टक्के. घट 88 टक्के. डागाळलेलं पॅलेट डबे-खोके बनवणाऱ्याला 77,000 रुपयांना गेलं, म्हणजे घट 30 टक्के. ही टक्केवारी विम्याच्या रकमेला लावायची. पॉलिसीत मूल्य आधीच ठरलेलं असतं तेव्हा अंशतः खराब होऊन मुक्कामी पोहोचलेल्या मालाची रीत हीच, मरीन इन्शुरन्स कायदा, 1963 मध्येही तीच आहे.

पण अनेकदा हिशोब दुसऱ्याच पद्धतीने पुढे येतो : विम्याच्या रकमेतून विक्रीची रक्कम सरळ वजा. मग 4 पॅलेटचे 3,96,000 वजा 52,800, म्हणजे 3,43,200 रुपये, आणि 2 पॅलेटचे 1,98,000 वजा 1,54,000, म्हणजे 44,000 रुपये. दोन्ही मिळून तुमच्या हिशोबापेक्षा 20,680 रुपये कमी. बाजारभाव विम्याच्या मूल्यापेक्षा वर असतो तेव्हा सरळ वजाबाकीत तुमचं नुकसान होतं. बाजार पडलेला असेल तर उलटं. म्हणून टक्केवारीचा हिशोब पत्रातच मांडा आणि चांगल्या भावाचा पुरावा म्हणून त्याच मालाची त्या आठवड्यातली तुमची एक-दोन विक्रीची बिलं जोडा. ती नसली की सर्व्हेअर सोपी वजाबाकी करून मोकळा होतो.

जीएसटी दाव्यात धरायचा की नाही, यावर दर वेळी गोंधळ होतो. आयातीवर भरलेल्या कराचं क्रेडिट तुम्ही घेतलं आणि ते तुमच्याकडेच राहिलं, तर तो कर तुमचं नुकसान नाही, तो दाव्यात घालू नका. माल नष्ट झाला किंवा खात्यातून काढून टाकला तर जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) नुसार क्रेडिट उलटवावं लागतं. तसं केलं असेल तर तेवढी रक्कम मागता येते, अर्थात पॉलिसीच्या मूल्यात ती बसत असेल तर. सीएचं प्रमाणपत्र यासाठीच लागतं. त्यात 'क्रेडिट घेतलं आहे आणि उलटवलेलं नाही' किंवा 'इतकं उलटवलं' हे स्पष्ट लिहून घ्या. रद्दी म्हणून विकलेल्या मालावर विक्रीचा जीएसटी लावून बिल करावं लागतं, आणि दाव्यात त्या बिलाची कराशिवायची रक्कम धरायची.

कस्टम ड्यूटी साध्या मालाच्या पॉलिसीत येत नाही, ड्यूटीचा वेगळा विमा असेल तरच मिळते. नुकसान बंदरात किंवा सीएफएसमध्येच, तपासणीआधी लक्षात आलं असतं तर कस्टम कायद्याच्या कलम 22 खाली ड्यूटीत सूट मागता आली असती. माल सोडवून भिवंडीत आणल्यावर ते दार बंद झालं. पुढच्या वेळी तपासणीला कंटेनर उघडला की तुमच्या क्लिअरिंग एजंटला आत डोकावून फोटो पाठवायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

एक अडचण तुमच्या बाबतीत येण्यासारखी आहे. मसुद्यात धरल्याप्रमाणे छताला फाट असेल आणि महिना जुलैचा असेल, तर जहाजावर खारं पाणी आणि नंतर सीएफएसमध्ये पाऊस, दोन्ही आत गेलेलं असू शकतं. चाचणीत एका पॅलेटवर दूध आणि दुसऱ्यावर स्वच्छ, असं येईल. पॉलिसी 'ए' असेल तर तुमच्या रकमेत याने फरक पडत नाही. सर्व्हेअरच्या रिपोर्टात जे आलं ते तसंच पत्रात येऊ द्या, 'सगळं समुद्राचं पाणी' असं ओढून-ताणून लिहू नका. पॉलिसी 'बी' असेल तर मात्र कोणतं पॅलेट कशाने भिजलं हे पॅलेटच्या नंबरवार लिहून घ्या, कारण पावसाने भिजलेली पॅलेट दाव्यातून बाहेर जातील. सर्व्हेअर साधारण एक-दोन ठिकाणी थेंब टाकून पुढे जातो. सहाही पॅलेटवर करायला सांगा, त्याला अर्धा तास जास्त लागेल.

मंजुरी आली की विमा कंपनी रक्कम स्वीकारल्याचं डिस्चार्ज व्हाउचर आणि वसुलीचा तुमचा हक्क तिच्याकडे देणारं सब्रोगेशनचं पत्र पाठवेल, दुसरं स्टॅम्प पेपरवर. व्हाउचरवरची रक्कम मान्य नसेल तर 'पूर्ण आणि अंतिम' या शब्दांखाली सही करण्याआधी कपातीचं कारण लेखी मागा, सही झाल्यावर वाद उभा करणं कठीण जातं. सब्रोगेशनचं पत्र दिल्यावरही शिपिंग लाइनकडून थेट पैशाचा देकार आला तर परस्पर स्वीकारायचा नाही, तो विमा कंपनीकडे पाठवायचा. आणि उदाहरणातल्यासारखा माल जुलैत मिळाला असेल तर कॅलेंडरवर पुढच्या वर्षीच्या जूनची एक तारीख लिहून ठेवा : शिपिंग लाइनवर दावा लावायची मुदत माल ताब्यात मिळाल्यापासून एक वर्षाची असते. तोपर्यंत विमा कंपनीने तुमचा दावा निकाली काढला नसेल, तर 'मुदत वाढवून घ्या किंवा आम्ही काय करावं ते लेखी कळवा' असं पत्र तुम्हीच त्यांना जूनच्या सुरुवातीला टाका, आणि शिपिंग लाइनकडूनही मुदतवाढ लेखी मागा. ती बहुधा तीन महिन्यांची मिळते आणि संपण्याआधी पुन्हा मागावी लागते.